अर्धे डॉलर बँकेत, अर्धे एक्स्चेंजवर: एका इनव्हॉइसचं हेजिंग करताना

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. ओतकाम बाहेरून करून घेतो, मशीनिंग आमच्याकडे होतं, आणि तयार व्हॉल्व्हचे भाग अमेरिकेतल्या एका खरेदीदाराला जातात. भागीदारी फर्म आहे, मामा आणि मी. यंदा पहिल्यांदाच एकाच इनव्हॉइसची रक्कम एक लाख डॉलर झाली आणि ती मिळेपर्यंत डॉलरचा भाव बांधून ठेवायचा, म्हणजेच हेजिंग करायचं, असं आम्ही ठरवलं. त्यातले पन्नास हजार डॉलर बँकेच्या फॉरवर्डमध्ये बांधले गेले आणि पन्नास हजार एक्स्चेंजवरच्या फ्युचर्समध्ये. असं अर्धं-अर्धं करण्याचा बेत नव्हता. बँकेने लिमिटच तेवढं दिलं म्हणून तसं झालं. पण त्यामुळे एकाच मालाच्या पैशावर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी चालताना बघायला मिळाले. आता ऑक्टोबर संपला, पैसे आले, सगळं मिटलं. या वाटेने जाणाऱ्या छोट्या निर्यातदाराच्या कामी यावं म्हणून तारीखवार लिहून ठेवतो.

जुलै-ऑगस्ट २०२२: कागद

फॉरवर्डसाठी बँकेत अर्ज जुलैत दिला. भागीदारीचा करारनामा, दोघांच्या सह्यांचं अधिकारपत्र, मागच्या वर्षांतल्या निर्यातीचा तपशील, खरेदीदाराची ऑर्डर. शिवाय एलईआय क्रमांक हवा होता. हा फर्मला मिळणारा वीस अक्षरी ओळख क्रमांक असतो. तो ऑनलाइन काढावा लागतो, त्याला काही हजार रुपये पडतात आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. बँकेचा अर्ज भरायच्या आधीच तो काढून ठेवा. आमची फाइल त्याच्यासाठीच अडून राहिली होती.

मंजुरीला तीनेक आठवडे गेले. लिमिट मिळालं पन्नास हजार डॉलरचं, पहिलं वर्ष म्हणून. त्यावर पाच टक्के मार्जिन, म्हणजे जवळजवळ दोन लाखांची एफडी बँकेच्या नावे तारण. एफडीवर व्याज मिळत राहतं, फक्त मोडता येत नाही.

उरलेल्या पन्नास हजारांसाठी ब्रोकरकडे फर्मच्या नावे खातं उघडलं आणि त्यात करन्सी सेगमेंट सुरू करून घेतला. कागद साधारण तेच, पण पतमंजुरीचा प्रश्नच नाही. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. फॉरवर्ड म्हणजे बँक आणि तुमच्यातला खाजगी करार. सौदा आज ठरतो आणि पैशाची देवाणघेवाण थेट शेवटी होते. मधल्या काळात तुमचा शब्द धरून बँक बसलेली असते, म्हणून ती तुमची पत बघते. फ्युचर्स म्हणजेही पुढच्या तारखेचाच सौदा, पण एक्स्चेंजवर होणारा. एक्स्चेंजला तुमची पत ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचीही नसते. तिथे समोर सौद्यांची हमी घेणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं आणि ते रोज संध्याकाळी हिशेब चुकता करतं, उधारी दुसऱ्या दिवसावर जाऊच देत नाही.

माल १६ ऑगस्टला न्हावाशेवाहून निघाला. अटी बिल ऑफ लेडिंगपासून, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीपासून, साठ दिवसांच्या, म्हणजे पैसे १५ ऑक्टोबरच्या आसपास यायचे.

१२ सप्टेंबर: दोन सौदे

त्या दिवशी डॉलरचा हजर भाव, म्हणजे लगेचच्या देवाणघेवाणीचा भाव, साडेएकोणऐंशीच्या जरा वर होता. सकाळी बँकेच्या ट्रेझरी डेस्कला फोन लावला. खरेदीदार नेमक्या तारखेला पैसे पाठवेल याची खात्री नसल्यामुळे १५ ते ३१ ऑक्टोबर अशी मुदत मागितली. या पंधरवड्यात कधीही डॉलर द्यायची मोकळीक.

इथे एक गोष्ट कळली. पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग असतो, त्या फरकाला प्रीमियम म्हणतात आणि निर्यातदाराला तो मिळतो. पण मुदत पंधरवड्याची घेतली की बँक प्रीमियम पहिल्या तारखेपर्यंतचाच देते. आम्हाला १५ ऑक्टोबरपर्यंतचा मिळाला, ३१पर्यंतचा नाही, कारण आम्ही डॉलर पंधरालाच आणून दिले तर बँकेला तोटा नको. त्यातून बँकेचा स्वतःचा नफा वजा होऊन भाव हातात पडला ७९.६२. म्हणून मुदत हवी तेवढीच मागा. महिनाभराची मागितली तर सोय होते, पण भावात पैसे जातात.

दुपारी ब्रोकरच्या पडद्यावर USDINR22OCTFUT उघडलं. एक लॉट हजार डॉलरचा, म्हणून पन्नास लॉट विकले, ७९.८० ला. आम्हाला पुढे डॉलर मिळणार आहेत आणि ते विकायचे आहेत, म्हणून आत्ता 'विक्री'. भाव पाव पैशाच्या टप्प्याने हलतो. आमच्या पन्नास लॉटवर एक पैसा हलला की पाचशे रुपये आणि एक रुपया हलला की पन्नास हजार. हे गणित कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. पुढचे सहा आठवडे त्याच्याकडेच बघणं झालं.

मार्जिन लॉटमागे साधारण दोन हजार, म्हणजे एक लाख. पण खात्यात अडीच लाख भरले. वरचे दीड लाख रोजच्या तोट्यासाठी, म्हणजे डॉलर तीन रुपये चढला तरी पुरतील अशा हिशेबाने. हे दीड लाख रोखच हवेत. मार्जिनपोटी तारण ठेवलेले रोखे चालू शकतात, पण रोजचा तोटा रोखीतच वळता होतो.

१३ ते २१ सप्टेंबर: आधी जमा

रोजच्या हिशेबाला एमटीएम म्हणतात, मार्क टू मार्केट. त्या दिवशीच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून एक्स्चेंज सेटलमेंटचा भाव काढतं. कालचा भाव आणि आजचा भाव यांतला फरक तुमच्या खात्यात जमा किंवा नावे पडतो, आणि उद्यासाठी तुमचा सौदा जणू आजच्या भावालाच केलेला आहे असं धरलं जातं. म्हणजे ७९.८० हा आकडा पहिल्याच संध्याकाळी संपतो. त्यानंतर तो फक्त आपल्या वहीत असतो.

पहिल्या संध्याकाळी भाव ७९.७८, हजार रुपये जमा. दुसऱ्या दिवशी रुपया चांगलाच वधारला, सेटलमेंट ७९.४० ला झालं आणि लेजरमध्ये एकोणीस हजारांची जमा दिसली. मामा खूश. "हे बरं हाय की, न मागता पैसे देतंय." मी म्हटलं, हे आपले नव्हेत, हे उसने धरा. रुपया असाच वधारत राहिला तर बँकेत डॉलर मोडताना नेमके एवढेच कमी मिळतील. मामांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमेच्या दिवशी कुणालाच पटत नाही. ज्यांना हेजिंगच करायचंय त्यांनी ही जमा रक्कम खात्यातून काढू नये. ब्रोकर काढू देतो, नियमात बसतंही, पण ती उलट्या दिवसांसाठीची शिदोरी असते.

पुढच्या आठवड्यात ते वीस हजार हळूहळू परत गेले. २१ तारखेला सेटलमेंट ८०.१८ ला झालं, तेव्हा एकूण एकोणीस हजार नावे.

२२ सप्टेंबर

आदल्या रात्री अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर पाऊण टक्क्याने वाढवला, सलग तिसऱ्यांदा. सकाळी बाजार उघडला तोच ऐंशीच्या वर. दिवसभर रुपया घसरत गेला आणि हजर भाव ८०.८६ च्या आसपास, तेव्हाच्या विक्रमी नीचांकावर बंद झाला. आमचं सेटलमेंट ८१.०६ ला. आठवडाभर लहान-लहान रकमांच्या ओळी दिसणाऱ्या लेजरमध्ये त्या संध्याकाळी एकच ओळ होती: चव्वेचाळीस हजार नावे.

मामांनी तो कागद हातात घेतला आणि विचारलं, "रुपया पडला की आपल्याला जास्तच मिळणार म्हणतोस, मग हे पैसे कुठं चाललेत?"

बरोबर विचारलं होतं. रुपया पडल्याने आमच्या येणं असलेल्या डॉलरची किंमत त्या दिवशी तेवढीच वाढली होती, जवळजवळ चव्वेचाळीस हजारांनीच. पण ती वाढ अमेरिकेतल्या खरेदीदाराच्या खात्यात बसली होती, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आमच्या हाती येणार नव्हती. फ्युचर्समधला तोटा मात्र आजच्या आज रोख. नफा आणि तोटा सारखेच, तारखा वेगळ्या. त्या दोन तारखांमधलं अंतर आपल्या खिशातल्या पैशाने भरून काढायचं असतं, एवढाच एमटीएमचा सगळा त्रास.

फॉरवर्डच्या फाइलवर त्या दिवशी काहीच घडलं नाही. फोन नाही, मेल नाही. तोटा तिथेही तेवढाच झाला होता, म्हणजे तो सौदा त्या दिवशी मोडला असता तर तेवढाच भरावा लागला असता. पण कुणी मागत नव्हतं, म्हणून तो दिसत नव्हता.

नंतरचे दिवस असेच. २८ सप्टेंबरला सेटलमेंट ८२.१२, एकूण नावे एक लाख सोळा हजार. मधे एक-दोन दिवस थोडं परतही यायचं. रोज संध्याकाळी सेटलमेंटचा भाव, त्या दिवसाचा फरक, एकूण फरक आणि खात्यात उरलेली मोकळी रोकड असे चार रकाने मी लिहीत होतो. तिसरा रकाना बघून पोटात गोळा येतो, पण निर्णय घ्यायचा तो चौथ्यावरून.

मार्जिन कॉल

पुस्तकांत असतं की सुरुवातीचं मार्जिन एक आणि त्याखाली 'मेंटेनन्स' मार्जिन दुसरं. खातं या दुसऱ्या पातळीखाली गेलं की जादा पैसे भरायचा कॉल येतो. ही अमेरिकी बाजारांची पद्धत. आपल्याकडे अशी खालची पायरी नाही. ठरलेलं मार्जिन पूर्ण असायलाच हवं, एक रुपया कमी पडला तरी ती तूटच. शिवाय हे मार्जिन स्थिर नसतं. भाव जोरात हलायला लागले की एक्स्चेंज ते वाढवतं. म्हणजे दोन्हीकडून चेपलं जातं: रोकड तोट्यात जाते आणि त्याच वेळी अडवलेली रक्कम फुगते. आमचं लाखाचं मार्जिन ऑक्टोबरात एक लाख दहा हजारांवर गेलं होतं.

१५ ऑक्टोबर उलटली आणि पैसे आले नाहीत. खरेदीदाराच्या हिशेबनिसाने मेल केला की पुढच्या आठवड्यात पाठवतो. इकडे दिवाळी चोवीस तारखेला. बोनस त्याआधी वाटायचा. बँकेच्या कर्जाऊ मर्यादेचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी खातं, जवळजवळ तळाला.

१८ तारखेचं सेटलमेंट ८२.४४, एकूण नावे एक लाख बत्तीस हजार. मोकळी रोकड आठ हजार. १९ तारखेला दुपारपर्यंत बरं चाललं होतं, मग रुपया एकदम सुटला आणि पहिल्यांदाच ८३ च्या पलीकडे बंद झाला. सेटलमेंट ८३.०८. एका दिवसात बत्तीस हजार. अडीच लाखांतून एक लाख चौसष्ट हजार गेले, उरले शहाऐंशी हजार, आणि मार्जिन हवं एक लाख दहा. तूट चोवीस हजारांची.

संध्याकाळी एसएमएस आणि मेल आला. मजकूर कोरडा: तूट अमुक, उद्या बाजार उघडण्याआधी भरा, न भरल्यास सौदे कधीही स्क्वेअर ऑफ केले, म्हणजे परस्पर मिटवून टाकले, जातील, तुटीवरचा दंड वेगळा. त्यात धमकी काही नव्हती. ब्रोकरने तसं केलं नाही तर त्याच्याच खिशातून क्लिअरिंग कॉर्पोरेशनला भरावं लागतं.

इथे लोक काय करतात ते मी ओळखीच्या दोघांकडे पाहिलंय: वैतागून सौदा मोडून टाकतात. मोडला की झालेला तोटा पक्का होतो आणि डॉलर मात्र उघडे पडतात. दुसऱ्या दिवशी रुपया वधारला तर तोटा फ्युचर्समध्येही झालेला असतो आणि डॉलरमध्येही होतो. म्हणजे ज्या धोक्यासाठी एवढं केलं, तो दुप्पट होऊन परत येतो.

आम्ही पन्नास हजार भरले. ते कसे भरले हेही सांगतो, कारण त्या रात्री तेच जड गेलं. ब्रोकर फक्त फर्मच्या नोंदवलेल्या खात्यातूनच पैसे घेतो. मामांच्या स्वतःच्या बचत खात्यातून किंवा माझ्या यूपीआयवरून पाठवले तर ते परत येतात. म्हणून आधी मामांच्या बचतीतून फर्मच्या चालू खात्यात आणि तिथून ब्रोकरकडे, आयएमपीएसने. अशा दिवसासाठी दुसरं चालू खातंही ब्रोकरकडे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

त्याच संध्याकाळी बँकेच्या ट्रेझरीतल्या बाईंचा फोन आला, फॉरवर्डबद्दल. काही मागण्यासाठी नव्हे, कल्पना द्यायला. त्यांच्याकडेही आमच्या फॉरवर्डची रोज बाजारभावाने किंमत काढली जाते. ७९.६२ ला बांधलेला सौदा आता तीन रुपयांहून जास्त 'उलटा' होता. आमची दोन लाखांची एफडी साधारण चार रुपयांच्या हालचालीला पुरते. त्यापलीकडे गेलं तर करारातल्या कलमाप्रमाणे बँक जादा मार्जिन मागू शकते. "अजून रुपयाभर गेला असता तर तुम्हाला बोलवावं लागलं असतं," त्या म्हणाल्या.

तोवर आमच्या डोक्यात असं होतं की फॉरवर्डमध्ये मार्जिन कॉल नसतो. असतो, फक्त त्याची कड लांब असते आणि तिथे पोचेपर्यंत बँक गप्प असते. मधल्या सगळ्या तोट्याची उधारी बँकेच्या डोक्यावर असते आणि तिचं मोल ती लिमिट, तारण आणि भावातल्या काही पैशांत आधीच घेते.

२० ऑक्टोबर: मिटवामिटव

सकाळी बँकेतून कळलं, एक लाख डॉलर आले. आता त्यांचं काय करायचं याचं पत्र द्यायचं: पन्नास हजार फॉरवर्डपोटी, पन्नास हजार आजच्या भावाने. पत्रात फॉरवर्डचा क्रमांक लिहायचा. नाही लिहिला तर सगळेच डॉलर आजच्या भावाने मोडले जाण्याची शक्यता असते, आणि मग फॉरवर्ड वेगळा रद्द करत बसावं लागतं.

बँकेशी भाव ठरवताना दुसऱ्या हाताने फ्युचर्स परत घ्यायचे. दोन्ही शक्यतो एकाच वेळी व्हायला हवेत, कारण त्या दिवसांत पाच मिनिटांत दहा पैसे हलत होते. मी फोनवर बँकेकडून ८२.७१ ऐकलं, होकार दिला आणि मामांना सांगून पन्नास लॉट घ्यायला लावले. ते ८२.८७ ला मिळाले.

हिशेब असा. फ्युचर्सच्या अर्ध्या भागात डॉलर मोडून आले ४१,३५,५०० रुपये. फ्युचर्समध्ये एकूण तोटा डॉलरमागे ३.०७ रुपये, म्हणजे १,५३,५००. उरले ३९,८२,०००, डॉलरमागे ७९.६४. फॉरवर्डच्या अर्ध्या भागात ७९.६२ ने थेट ३९,८१,०००.

फरक एक हजार रुपये. एक्स्चेंजवरचा खर्च किरकोळ होता, ब्रोकरेज, शुल्क सगळं धरून काहीशे. एमटीएमपोटी महिनाभर सरासरी लाखभर रुपये अडकले होते, त्यावर सीसीच्या दराने व्याज धरलं तर आठशेच्या आसपास. म्हणजे बरोबरी. नसती झाली तरच नवल, कारण दोन्ही भाव एकाच हजर भावातून आणि रुपया-डॉलरच्या व्याजदरांतल्या एकाच फरकातून निघतात.

७९.८० ला विकून हातात ७९.६४ का आले असं कुणी विचारेल. वाटेत सोळा पैसे गेले. बँक डॉलर घेताना बाजारभावापेक्षा काही पैसे कमी देते, आणि फ्युचर्सच्या मुदतीला आठवडा बाकी असल्याने त्यात थोडा प्रीमियम शिल्लक होता. मुदतीपर्यंत थांबलो असतो (ऑक्टोबरची मुदत २७ तारखेला होती) तर एक्स्चेंजने एफबीआयएल या संस्थेच्या संदर्भ दराने रुपयांतच हिशेब मिटवला असता. डॉलरची प्रत्यक्ष देवाणघेवाण फ्युचर्समध्ये होतच नाही. डॉलर मोडण्याचं काम शेवटी बँकेतच होतं, म्हणून बँकेचे ते काही पैसे कुठेच चुकत नाहीत.

पन्नास लॉट मिटल्यावर मार्जिन मोकळं झालं आणि उरलेली रोकड दुसऱ्या दिवशी फर्मच्या खात्यात आली. बोनस शनिवारी वाटला. हिशेबाचं म्हणाल तर फॉरवर्डची नोंद एका ओळीत झाली, फ्युचर्सची रोज एक. सीएनी सांगितलं की मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा हा तोटा सट्ट्याचा धरला जात नाही, नेहमीच्या धंद्याच्या तोट्यात जातो. रोजची लेजर आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा इनव्हॉइसच्या फाइललाच लावून ठेवल्या, म्हणजे दीड लाखांचा तोटा कशापोटी झाला हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

मोठ्यांचंही असंच झालंय

हे सगळं चालू असताना मेटालगेझेलशाफ्ट या जर्मन कंपनीचं १९९३ सालचं प्रकरण वाचलं आणि ते आमच्यासारख्यांच्या अगदी जवळचं वाटलं. तिच्या अमेरिकेतल्या उपकंपनीने गिऱ्हाइकांना पुढची दहा वर्षांपर्यंत ठरलेल्या भावाने इंधन द्यायचे करार केले होते. ते फॉरवर्डच. तेल महागलं तर बुडू नये म्हणून तिने न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजवर जवळच्या महिन्यांचे फ्युचर्स प्रचंड प्रमाणात घेतले. झालं उलट, तेल स्वस्त झालं. गिऱ्हाइकांकडच्या करारांत कंपनीचा फायदा होत होता, पण तो पुढच्या दहा वर्षांत मिळणार होता. फ्युचर्सचा तोटा रोज रोख जात होता. शेवटी मूळ कंपनीने सौदे मोडायला लावले आणि सुमारे १.३ अब्ज डॉलरचा तोटा झाला. तिने धीर धरायला हवा होता का, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. आमच्या दीड लाखांपुरतं मला एवढं कळतं की धीर धरायलाही चालू खात्यात पैसे लागतात.

आमच्यापुरता धडा आकड्यांत मांडतो. पुढच्या वेळी फ्युचर्स करायचे झाले तर मार्जिन सोडून डॉलरमागे पाच रुपयांची रोकड किंवा सीसीमध्ये तेवढी मोकळी मर्यादा धरूनच पन्नास लॉटला हात घालायचा. तेवढी नसेल तर तीसच लॉट करायचे आणि उरलेले डॉलर उघडे ठेवायचे. अर्धवट निधीने पूर्ण हेज करून मधेच मोडण्यापेक्षा ते परवडतं.

ता. क. (जून २०२४)

वरचं लिहून दीड वर्ष झालं. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या म्हणून जोडतो.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. रुपयातले करन्सी फ्युचर्स करणाऱ्याकडे प्रत्यक्ष परकीय चलनाचं येणं किंवा देणं असलंच पाहिजे. दहा कोटी डॉलरपर्यंत त्याचे कागद दाखवावे लागत नाहीत, पण ते असायला हवं. आधी ५ एप्रिलपासून लागू व्हायचं होतं, मग ३ मेपर्यंत पुढे गेलं. आमच्यासारख्याला अडचण नाही, येणं आहेच. ब्रोकरने तसं घोषणापत्र मागितलं, इनव्हॉइस आणि शिपिंग बिलाचे क्रमांक टाकून दिलं. एकूण सौदे येणं असलेल्या रकमेपेक्षा जास्त होत नाहीत ना, हे मात्र दर वेळी तपासावं लागतं. आमच्याकडे आता प्रत्येक इनव्हॉइससमोर किती लॉट, हा रकानाच केलाय.

खरा परिणाम बाजारावर झाला. नुसता भावावर सौदा करणारे बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर उलाढाल आटली. जवळच्या महिन्यात अजून ठीक आहे. दोन-तीन महिने पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावांत अंतर पडलेलं दिसतं. पन्नास लॉट एकदम टाकले तर भाव आपणच पाडतो. म्हणून ऑर्डर टाकण्याआधी पडद्यावरचे वरचे पाच भाव आणि त्यांच्यासमोरचे लॉट मोजा, आणि बँकेकडून त्याच तारखेचा फॉरवर्डचा भाव फोनवर घेऊन ठेवा. आमचं बँकेतलं लिमिट यंदा दीड लाख डॉलरवर गेलंय. त्यामुळे साठ दिवसांचं येणं फॉरवर्डमध्ये जातं, आणि लिमिट भरलं असताना एखादं तीस दिवसांच्या आतलं इनव्हॉइस आलं तर तेवढंच एक्स्चेंजवर करतो.